फोटोची खालची पट्टी

भाग्यश्री बोपचेला कोणताही फोटो दाखवायची सोय नाही. लग्नाचा दाखवा, बारशाचा दाखवा, ती माणसांचे चेहरे सोडून आधी कडा बघते. "हा हात कोणाचा? माणूस कुठाय?" रीता सिस्टरने पोरीच्या साखरपुड्याचा फोटो मोठ्या हौसेने पुढे केला, तर बाईसाहेब म्हणाल्या, "व्याह्याचं डोकं उडवलंय, भांडण होतं का?" भांडण खरंच होतं. रीता सिस्टर त्यानंतर आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलाकडच्या टोकाला आमचं सरकारी रुग्णालय आहे. तिथे आम्ही दोघंही मेडिकल ऑफिसर. ती कामठ्याची, वडिलांची धानाची शेती, घरात पोवारी, बाहेर हिंदी, कामावर मराठी, आणि राग आला की तिन्ही भाषा एकदम. हुशार म्हणावी अशी ती नव्हे. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत आपटली, पुन्हा बसली, पुन्हा आपटली, आणि मग "मरू दे" म्हणून इथेच राहिली. भित्री तर इतकी की साधी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, टाकायची तरी आधी दोनदा बाथरूमला जाऊन येते. मी तिला यावरून खूप चिडवलं आहे. ती उलट म्हणते, "तुरकर, ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात सुई देऊ नये."

तिने हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, शिकून घेतली ती नागपूरला काही महिने धक्के खाऊन. आमच्याकडे दान म्हणून आलेलं एक छोटं मशीन आहे. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळे ते नोंदलेल्या खोलीबाहेर हलवता येत नाही, त्यामुळे पेशंट कितीही वाईट असला तरी त्यालाच मशीनकडे न्यायचं. बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, येणाऱ्या पोरा-पोरींना ती तिथेच शिकवते. तिची पद्धत विचित्र आहे. पडद्यावर चित्र गोठवते, मधल्या हृदयावर पंजा ठेवून ते झाकते आणि विचारते, "आता सांगा, काय दिसतं?" पोरं गोंधळतात. तिचं म्हणणं असं की, हलणारं हृदय स्वतःहून सगळं सांगतं, गोठवलेलं चित्र मात्र विचारल्याशिवाय काही सांगत नाही. म्हणून आधी बघायचं की ते कुठे कापलंय, मग बघायचं की ते कोणत्या क्षणी गोठवलंय. हृदय सगळ्यात शेवटी.

आणि आम्ही सगळे नेमके कापण्यातच पटाईत होतो. झालं असं की, कोणीतरी पेशंटच्या नावासकट फोटो ग्रुपवर टाकला, तो गावभर फिरला, वरून बोलणी बसली. तेव्हापासून शिरस्ता पडला. फोटो पाठवायच्या आधी वरची पट्टी कापायची, कारण तिथे नाव. खालचीही कापायची, कारण आमच्या मशीनवर रुग्णालयाचं नाव आणि नंबर खाली येतो. कापलेला, चौकोनी, स्वच्छ फोटो नागपूरच्या सरांना जायचा. हे सर हृदयाचे मोठे डॉक्टर. दिवसभराच्या गर्दीत आमच्या फोटोंना उत्तर देतात, हेच उपकार. त्याखाली मग आमच्या ग्रुपवर नमस्काराच्या हातांची रांग लागायची. मला त्या हातांचा मनापासून कंटाळा आहे.

एप्रिलमधली दुपार होती. मोहफुलांचा हंगाम, त्यामुळे ओपीडी निम्मी रिकामी. पहाटेपासून सगळी जंगलात वेचायला गेलेली. अशा दिवसांत जो येतो तो फारच वाईट झाल्यावर येतो. दुर्पता अशीच आली होती, सकाळी. सालेकसाकडच्या एका पाड्यावरची बाई. नवरा इतवारी तिला कोणाच्यातरी मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला होता. दोन-तीन महिने बारीक ताप, अंग वाळलेलं, आणि आता पाय सुजलेले, आडवं झालं की दम कोंडायचा. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या.

सकाळच्या पाळीला दुर्गेश होता, बाँडवरचा नवा डॉक्टर. चांगला मुलगा, पुस्तकं वाचलेला. एक्स-रेत हृदयाची सावली घागरीसारखी मोठी. पाय सुजलेले, शिरा फुगलेल्या, दम. त्याने हृदय थकल्याचं निदान केलं आणि लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. बाहेरून येणारे सोनोग्राफीचे डॉक्टर जाण्याच्या घाईत होते, त्यांनी छातीवर प्रोब ठेवून एक चित्र गोठवून दिलं. दुर्गेशने शिरस्त्याप्रमाणे वरून-खालून कापलं आणि सरांना पाठवलं. सरांचं उत्तर आलं. मागे थोडं पाणी दिसतंय, फुप्फुसाभोवतीचं असावं. उजवा कप्पा छान भरलेला आहे. तातडीचं काही वाटत नाही, औषधं चालू ठेवा, उद्या बाईला गोंदियाला पाठवा.

हात जोडले गेले. बाईला वॉर्डात टाकलं.

दुपारी भाग्यश्री आली, डबा उघडला आणि जेवता जेवता ग्रुप बघायला लागली. मी समोरच बसलो होतो. तिने घास हातात तसाच धरला.

"याची खालची बाजू कुठाय?"

"कशाची?"

"या फोटोची! पायाकडून कापलाय नं." तिने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. "तुरकर, मागे काळं दिसतंय ना? काळं म्हणजे पाणी. पण कोणत्या पिशवीतलं? हृदयाच्या की फुप्फुसाच्या? ते कोण सांगतं? मागची महाधमनी सांगते. हृदयाच्या मागे, तळाशी तिचा गोल दिसतो. पाणी हृदय आणि त्या गोलाच्या मधे शिरलं असेल तर ते हृदयाच्या पिशवीतलं. गोलाच्या पाठीमागे असेल तर फुप्फुसाकडचं. आणि या पठ्ठ्यानं तो गोलच कापून टाकला!"

"पण उजवा कप्पा भरलेला आहे, सर म्हणाले."

"कधी भरलेला? कोणत्या क्षणाला? खाली ईसीजीची रेघ असते ती काऊन असते? तारा कोणी जोडतच नाही, आणि जोडल्या तरी रेघ कापण्यातच जाते." तिने डबा तसाच सोडला. "बीपी किती आहे बाईचं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा रीता सिस्टर तिसऱ्यांदा पट्टा बांधत होत्या. वरचं बीपी सकाळी शंभरच्या आसपास होतं, आता ऐंशीला टेकलं होतं. नाडी धाग्यासारखी आणि भराभर, श्वास आत घेतला की जवळजवळ नाहीशी व्हायची. दुर्पता गुडघ्यांवर पुढे झुकून बसली होती, कपाळावर गार घाम. इतवारी तिच्या पाठीला हात लावून उभा होता. भाग्यश्रीने स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसं साफ होती. हृदयाचे ठोके मात्र दुरून आल्यासारखे, जड.

"इंजेक्शन बंद," ती म्हणाली. "आणखी एक थेंब लघवी काढू नका हिची. सलाइन जोडा, मी सांगते तेवढंच. आणि मशीनच्या खोलीत घ्या."

दुर्गेश धावत आला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, पाय सुजलेत, मग सलाइन..."

"पाय सुजलेत कारण रक्ताला आत जायला वाट नाहीये. आत जाणारं आहे तेवढंही तू काढून टाकलंस." तिने हे ओरडून नाही, अगदी हळू सांगितलं. ते जास्त वाईट वाटलं.

स्ट्रेचर त्या खोलीच्या दारातून कसंबसं आत गेलं. दुर्पताला आडवं करता येत नव्हतं, म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवली. मशीनच्या खणात ईसीजीच्या तारा पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडल्या होत्या, कारण त्या जोडायला कोणाला वेळ होता? भाग्यश्रीने दातांनी प्लॅस्टिक फाडलं. तारा लावल्या, पडद्याच्या तळाशी हिरवी रेघ धावायला लागली. मग तिने चित्राची खोली वाढवली आणि तळातून महाधमनीचा तो गोल वर आला. काळा पट्टा बरोबर गोल आणि हृदयाच्या मधे घुसला होता, दोन बोटं रुंद. पुढच्या बाजूलाही काळंच. सगळं हृदय पाण्याच्या पिशवीत डचमळत होतं.

"हृदयाच्या पिशवीत पाणी आहे," ती दुर्गेशला म्हणाली. तेव्हाही तिचं शिकवणं सुटलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा राग आला होता, बाई मरते आहे आणि हिचं काय चाललंय. "पण पाणी किती, यावर मरण ठरत नाही. हळूहळू साचलं तर लिटरभरही माणूस सहन करतो, झटकन साचलं तर थोड्यातच जातो. प्रश्न हा की पाणी हृदयाला दाबून राहिलंय का. ते कसं बघणार?"



तिने चित्र गोठवलं. उजवा कप्पा टम्म गोल. "हे तुझ्या सकाळच्या चित्रासारखंच. ठोका पडायच्या अगदी आधीचं, हृदय सगळ्यात भरलेलं असतं तेव्हाचं. मोजमापं घ्यायला आपण सगळे इथेच गोठवतो, सवय आहे. आता बघ." ती एकेक चौकट मागे-पुढे सरकवू लागली. रेघेवरचा टी नावाचा उंचवटा संपला, डाव्या बाजूची मायट्रल झडप उघडली. म्हणजे हृदय सैल पडून भरायला लागण्याची वेळ. तिथे तिने हात थांबवला. उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत, जी बाहेर फुगायला हवी, ती आत खचली होती, अंगठ्याने कणीक दाबावी तशी.

"झडप उघडी, भरायची वेळ, आणि भिंत आत. ठोक्याच्या वेळी आत गेली तर ते आकुंचन असतं, त्यात विशेष नाही. म्हणून वेळ माहीत नसेल तर ही खाच बघून काहीच ठरवता येत नाही. याला टॅम्पोनाड म्हणतात, दुर्गेश."

मग तिने पोटाकडून प्रोब लावला. हृदयात परत जाणारी मोठी शीर फुगलेली होती. गोठवलेल्या चित्रात शीर श्वासाबरोबर मिटते की नाही ते कळत नाही, म्हणून तिने पडद्यावर रेघोट्यांची ती पद्धत लावली, ज्यात वेळ डावीकडून उजवीकडे पसरून दिसतो. श्वास आत जाताना शिरेच्या दोन्ही भिंती जवळ यायला हव्यात. इथे रुळांसारख्या दोन रेघा सरळ गेल्या होत्या, कुठेही जवळ न येता.

पडद्यावरच्या नावावर तिने चिकटपट्टी लावली, पूर्ण पडद्याचे फोटो काढले, खालच्या रेघेसकट, आणि पाठवले. सरांचा मेसेज आला नाही, थेट फोनच आला.

"पाणी आत्ता काढावं लागेल. किती वेळात पोचवाल?"

गोंदियाला जाणारी रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन गेली होती. दुसरी बोलावली होती, ती घाटापलीकडे होती. गोंदियापर्यंतचा रस्ता आणि दुर्पताची ती नाडी, दोन्ही आम्हाला माहीत होतं.

"सर, ती पोचणार नाही," भाग्यश्री म्हणाली.

"मग तुम्ही काढा. मी फोनवर आहे."

"सर, मी बघितलंय. केलं नाही कधी."

 मग सर म्हणाले, "मॅडम, तिच्याजवळ दुसरं कोण आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मी तर बघितलंही नव्हतं.

बीपी सत्तर. दुर्पता आता बोलत नव्हती, डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळसर. भाग्यश्री बाहेर इतवारीजवळ गेली आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "दादा, तिच्या काळजाभोवती पाणी भरलंय. काळीज दबून राहिलंय. सुईनं काढावं लागेल. सुई काळजालाही लागू शकते. नाही काढलं तर ती वाचत नाही. काढलं तर वाचू शकते, नक्की सांगत नाही."

इतवारीने विचारलं, "तुमी काढलं हाय का बाई, आधी कोनाचं?"

मी मनात म्हटलं, सांग हो. कोणीही हो सांगितलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने गमछा तोंडावर फिरवला. "मंग आता काढा. घरी नेऊन तं मरूनच रायली."

ती आत आली. या वेळी बाथरूमला गेली नाही. इकोवर पाणी सगळ्यात जवळ आणि सगळ्यात खोल जिथे दिसत होतं ती जागा, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली, तिने पेनाने खूण केली. मध्ये यकृत येत नाही ना, पुन्हा बघितलं. दुर्गेशने प्रोब धरला. सेंट्रल लाइनच्या किटमधली लांब सुई, मागे सिरिंज, आणि भाग्यश्री सिरिंजचा दट्ट्या ओढत ओढत सुई पुढे नेत होती. माझं बोट दुर्पताच्या मनगटावर होतं. कधी नाडी लागत होती, कधी नव्हती. मला कळत नव्हतं की हरवलं काय, तिची नाडी की माझी शुद्ध.

सिरिंजमध्ये रक्त आलं.

लालभडक नाही, काळपट लाल, पण रक्तच. रीता सिस्टर "देवा" म्हणाल्या. दुर्गेशचा हात हलला आणि पडद्यावरचं चित्र गेलं. दार अर्धं उघडं होतं, इतवारी तिथेच उभा होता. त्याने ती लाल सिरिंज बघितली आणि तो मागे सरकला. मग बाहेर त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला, लेकीशी बोलत होता, "चंदा, तुयी माय गेली वं."

भाग्यश्री जागची हलली नाही. सुई हृदयात गेली असेल तर काढून घ्यायला हवी, आणि पाण्यातच असेल तर काढली की सगळं संपलं. इतक्या महिन्यांचा बारीक ताप म्हणजे बहुधा क्षय, आणि क्षयाचं पाणी अनेकदा रक्ताळलेलं असतं हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि हातात रक्ताची सिरिंज धरून उभं राहणं यात फार अंतर आहे. तिच्या नाकावरून घाम गळत होता.

"दुर्गेश, चित्र परत आण. तुरकर, थ्री-वे तोटी जोड. दोन सिरिंज, सलाइन, थोडी हवा. इकडून तिकडे घुसळ. फेस आणि मोठी हवा वर राहू दे, ती आत जाऊ द्यायची नाही. पांढुरकं झालं की दे."

मी घुसळलं.  तिने ते सलाइन सुईतून आत ढकललं आणि आम्ही तिघांनी पडद्याकडे बघितलं. बारीक बुडबुडे इकोवर पांढरे दिसतात. कप्प्याच्या आत पांढरं झालं, तर सुई हृदयात. 

हृदयाच्या बाहेर, काळ्या पट्ट्यात, पांढरा धूर पसरला. कप्पे काळेच राहिले.

"गोठव," ती म्हणाली. दुर्गेशने गोठवलं. तिने खालची रेघ बघितली, कडा बघितल्या, मग मधे बघितलं. "बाहेर आहे. पिशवीत आहे." फोनवरून सर म्हणाले, "वायर टाका, मॅडम." तिने सुईतून तार सरकवली, तारेवरून बारीक नळी, आणि ओढायला लागली. पहिली मोठी सिरिंज भरली तेव्हाच माझ्या बोटाखालची नाडी परत आली, आधी चाचरत, मग ठोस. दुसरी भरली, बीपी नव्वद. तिसरीला शंभराच्या वर. सगळं पाणी एकदम काढायचं नाही म्हणून तिने पुढचं हळूहळू काढलं, आणि मग नळी तशीच टाके घालून ठेवली. पडद्यावर ती खचलेली भिंत आता बाहेर होती, आपल्या जागी.

दुर्पताने डोळे उघडले. एका खोल श्वासानंतर तिने आमच्या चौघांकडे रागाने बघितलं आणि पाणी मागितलं.

रुग्णवाहिका फाटकातून आत शिरत होती. इतवारी व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसला होता. फोनमधून चंदाचं रडणं मलासुद्धा ऐकू येत होतं. पाड्यावर बाया जमल्या असाव्यात, मागे आणखी आवाज होते. त्याने फोन नुसता कानाला लावलेला होता. भाग्यश्री रक्ताळलेल्या गाउनमध्येच त्याच्याकडे गेली. तिला बघून तो उठायला लागला. तिने काही समजावलं नाही. त्याच्या हातातून फोन घेतला, आत आली आणि दुर्पताच्या कानाला लावला.

दुर्पताने थोडा वेळ लेकीचं रडणं ऐकलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"कोन मेली वं?" ती म्हणाली, आवाज फाटका पण खणखणीत. "रडून काऊन रायली? आंगनातली मोहफुलं कोन पायल? गाय खाऊन टाकल ना!"

 पलीकडून चंदाची "माय?" अशी किंकाळी आली. मागोमाग दारात आलेला इतवारी चौकटीला धरून खाली बसला. आणि आमची भाग्यश्री, जिचे डोळे मी एवढ्या वर्षांत ओले बघितले नव्हते, तो फोन दुर्पताच्या कानाशी धरून तशीच उभी राहिली आणि लहान मुलीसारखी मोठमोठ्याने रडायला लागली. दुर्पताला फोनवरचं ऐकू येईना, तेव्हा तिने नळी लावलेला जीव सांभाळत भाग्यश्रीला दटावलं, "चूप बस वं बाई, मायी पोरगी बोलून रायली."